प्रीफिक्स कोडमध्ये प्रीफिक्स कुठे असतो?

प्रश्न: ‘प्रीफिक्स कोड’ म्हणजे उपसर्ग लावलेला कोड का? आणि ‘रन-लेंग्थ’ हे त्याचंच दुसरं नाव आहे का?

दोन्ही नाही. नाव फसवं आहे: या कोडमध्ये कुठलाही संकेत दुसऱ्या संकेताची सुरुवात नसतो. म्हणून मी ‘उपसर्गमुक्त संकेत’ म्हणेन. रन-लेंग्थ ही निराळी युक्ती आहे, पण फॅक्स मशीनमध्ये दोन्ही एकत्र नांदतात, म्हणून उदाहरण तिथलंच घेतो.

१९८० साली ठरलेल्या ‘ग्रुप ३’ फॅक्समध्ये ए४ कागदाची एक ओळ म्हणजे १७२८ ठिपके, प्रत्येक पांढरा किंवा काळा. एकेक ठिपका कळवण्याऐवजी ‘१० पांढरे, २ काळे, ५ पांढरे, ३ काळे’ असं सलग पट्ट्यांची लांबी मोजत जायचं, हे रन-लेंग्थ. रंग सांगावा लागत नाही, कारण तो आलटूनपालटून येतो आणि ओळ नेहमी पांढऱ्यानेच सुरू होते. पहिलाच ठिपका काळा असेल तर ‘० पांढरे’ असं कळवतात.

आता या लांब्या बिटांत लिहायच्या. मिलिमीटरला साधारण ८ ठिपके पडतात, त्यामुळे छापील अक्षराची रेघ बहुधा दोन-तीन ठिपक्यांची भरते. म्हणून काळ्यांमध्ये सगळ्यांत आखूड संकेत याच दोघांना मिळाले: २ ला `11`, ३ ला `10`. त्यानंतर १ ला `010` आणि ४ ला `011`. उरलेल्या सगळ्या काळ्या लांब्यांना `00` नेच सुरुवात करावी लागते, आणि त्यामुळे त्या लांबतात. नुसतं `01` कुणाला दिलं असतं, तर `010` वाचताना यंत्र दुसऱ्याच बिटावर चकलं असतं. पांढऱ्यांचा तक्ता वेगळा आहे. तिथे एकट्या ठिपक्याला `000111` असे सहा बिट लागतात, कारण मजकुराच्या पानावर तो क्वचितच येतो.

वरचे वीस ठिपके असे जातात:

```
0011111110010
00111 | 11 | 1100 | 10
 10पां  2का   5पां   3का
```

खालच्या उभ्या रेघा फक्त आपल्यासाठी. तारेवरून वरचे तेरा बिटच जातात, मध्ये स्वल्पविराम नाही, तरी वाचन एकच निघतं. अख्खी कोरी ओळ तर १७ बिटांत मावते.

पण बारीक ठिपक्यांनी छापलेला फोटो घातला की गणित उलटतं. एक पांढरा, एक काळा असं आळीपाळीने आलं, तर दोन ठिपक्यांना नऊ बिट पडतात आणि १७२८ ठिपक्यांची ओळ ७७७६ बिटांची होते. शिवाय फोन लाइनच्या खरखरीत एक बिट जरी उलटला, तरी तिथून पुढचे तुकडे भलत्याच जागी पडू शकतात. म्हणून ओळीच्या शेवटी `000000000001` ही खूण असते. तिच्यापाशी यंत्र पुन्हा ताळ्यावर येतं, आणि बिघडलेल्या फॅक्सवर पान साफ असताना एखादीच आडवी ओळ विस्कटलेली दिसते.