एफडीची खरी कमाई: टॅक्स आधी, महागाई नंतर

एफडीवर 7.5 टक्के मिळतात आणि महागाई 6 टक्के आहे, मग माझी खरी कमाई दीड टक्का धरायची का? टॅक्स यात कुठे बसवायचा? फंडाचं पण असंच काढतात का?

तुम्ही 30 टक्के टॅक्स भरत असाल तर दीड टक्का सोडा, तुम्ही मायनसमध्ये आहात. साधारण 0.7 टक्के दरवर्षी.

बरेच जण (मीही कित्येक वर्षं असंच करायचो) आधी 7.5 मधून 6 वजा करतात, दीड उरतो, मग त्या दीडवर 30 टक्के टॅक्स लावून म्हणतात की चला, एक टक्का तरी सुटला. पण टॅक्स त्या दीडवर लागतच नाही ना, तो पूर्ण 7.5 वर लागतो. व्याजातले 6 टक्के म्हणजे फक्त तुमच्या मुद्दलाची झालेली झीज भरून निघते, ती कमाई नाहीच, पण टॅक्सच्या हिशोबात तिलाही कमाईच धरतात. सगळी गडबड इथेच आहे. म्हणून क्रम असा, आधी टॅक्स काढायचा आणि मग महागाई.

आकड्यांत सांगतो, मी माझ्या एका एफडीचा हिशोब असाच मांडला होता. एक लाख, 3 वर्षं, 7.5 टक्के, व्याज वर्षातून एकदा जमा, मुदत संपल्यावर हातात 1,24,230. पावती बघून वाटलं 24 हजार सुटले. पण तीन वर्षांत त्या व्याजावरचा टॅक्स झाला होता 2,250, मग 2,419, मग 2,600, एकूण 7,269, आणि तो सगळा मी रिटर्न भरताना दुसऱ्या खात्यातून दिला होता. एफडीच्या पावतीवर तो कुठेच दिसत नाही! हिशोब चुकायचं हे सगळ्यात मोठं कारण मला वाटतं, पैसे एका खिशात येतात आणि टॅक्स दुसऱ्या खिशातून जातो.

आता महागाई. तिन्ही वर्षं 6 टक्के धरली तर पहिल्या दिवशी जे 100 ला मिळायचं ते शेवटी 119.10 ला मिळतं. मग सगळे आकडे पहिल्या दिवसाच्या पैशांत आणायचे, म्हणजे 1,24,230 ला 1.191016 ने भागायचं, आले 1,04,306. म्हणजे टॅक्स नसता तर तीन वर्षांची खरी वाढ 4,306 होती. टॅक्सचे तीन हप्ते पण तसेच आपापल्या वर्षाच्या महागाईने भागायचे (पहिला 1.06 ने, दुसरा 1.1236 ने, तिसरा 1.191 ने), त्यांची बेरीज 6,458. खरी वाढ 4,306 आणि टॅक्स 6,458, म्हणजे खऱ्या कमाईच्या दीडपट टॅक्स गेला. उरले 97,847. एक लाख ठेवून तीन वर्षांनी मी 2,153 ने गरीब झालो होतो आणि पावतीवर मात्र 24 हजारांचा फायदा होता. हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं होतं.

दरवेळी एवढं करायची गरज नाही, दर वर्षाला टॅक्स जाणाऱ्या ठेवीसाठी स्प्रेडशीटमध्ये हे पुरतं. B1 मध्ये व्याजदर, B2 मध्ये तुमचा टॅक्सचा दर, B3 मध्ये महागाई:

```
=(1+B1*(1-B2))/(1+B3)-1
```

7.5%, 30% आणि 6% असे टक्क्याच्या चिन्हासकट टाकले की उत्तर येतं -0.71 टक्के. वजाबाकी न करता भागाकार का, तर व्याजाचे पैसे पण शेवटी महागलेल्या बाजारातच खर्च होतात, त्यांचीही किंमत घटलेली असते. महागाई कमी असताना फरक किरकोळ असतो, -0.75 च्या जागी -0.71. पण 40 टक्के व्याज आणि 35 टक्के महागाई अशी परिस्थिती असेल तर, टॅक्स बाजूला ठेवला तरी, वजाबाकी 5 सांगते आणि खरं उत्तर 3.7 असतं.

एफडी घ्यायच्या आधी मी एक उलटा हिशोब करतो, महागाईला (1 वजा टॅक्सचा दर) ने भागायचं. 6 भागिले 0.7 म्हणजे 8.57. एवढा दर मिळाला तर मुद्दल जिथल्या तिथे राहतं, कमाई त्याच्या पुढे सुरू होते. तुमचा टॅक्स 10 टक्केच असेल तर हीच रेघ 6.67 वर येते आणि मग तीच 7.5 ची एफडी प्लसमध्ये जाते. म्हणून दुसऱ्याच्या एफडीचा खरा परतावा तुम्हाला लागू होईलच असं नाही, दर तोच असला तरी.

फंडात फरक टॅक्सच्या वेळेचा आहे. समजा फंड पण 7.5 नेच वाढला आणि टॅक्स पण 30 टक्केच आहे (हे फक्त तुलनेसाठी, फंड असा सरळ रेषेत वाढत नाही आणि नफ्यावरचा दर वेगळा असू शकतो), पण टॅक्स दरवर्षी न जाता विकतानाच एकदा जातो. 10 वर्षांनी एक लाखाचे 2,06,103 होतात, नफ्यावर टॅक्स देऊन 1,74,272 उरतात. दरवर्षी टॅक्स जाणाऱ्या एफडीत, टॅक्स व्याजातूनच भरला तर, तेवढ्याच काळात 1,66,810 होतात. महागाईने, म्हणजे 1.790848 ने, भागलं की फंडाचे 97,313 आणि एफडीचे 93,146. दोन्ही एक लाखाच्या खालीच! टॅक्स पुढे ढकलल्याने खड्डा कमी खोल होतो, बुजत नाही. आणि हो, फंडाचा जो परतावा दाखवतात त्यात फंडाचा खर्च आधीच वजा झालेला असतो, तो परत वजा करू नका. तुमचा टॅक्स मात्र त्यात नसतो.

महागाईचा आकडा घेताना बातमीत आलेला या महिन्याचा दर घेऊ नका, तो मागच्या बारा महिन्यांचा असतो आणि तुमचे पैसे कदाचित पाच वर्षं अडकलेले असतात. ग्राहक किंमत निर्देशांक घ्या, पैसे ठेवले त्या महिन्याचा आणि काढले त्या महिन्याचा, दुसऱ्याला पहिल्याने भागा, झाला तुमचा 1.191 सारखा आकडा. फक्त दोन्ही निर्देशांक एकाच पायाभूत वर्षाचे आहेत ना ते बघा, मधेच मालिका बदलली असेल तर थेट भागाकाराने भलतंच उत्तर येतं आणि महागाई एकदम गायब झाल्यासारखी दिसते. तसं दिसलं की समजायचं मालिका बदललीये, जुन्या-नव्या मालिकेला जोडणारा गुणक घेऊन मगच भागायचं.

फंडात दर महिन्याला हप्ता भरत असाल तर वरचं सूत्र चालणार नाही कारण प्रत्येक हप्ता वेगवेगळा काळ आत राहिलेला असतो. तिथे प्रत्येक हप्त्याला (शेवटचा निर्देशांक भागिले त्या महिन्याचा निर्देशांक) ने गुणायचं, शेवटी टॅक्स वजा करून हातात आलेली रक्कम तशीच ठेवायची, हप्ते मायनस आणि ती रक्कम प्लस टाकून तारखांसकट स्प्रेडशीटमधलं XIRR हे फंक्शन लावायचं. जो टक्का येईल त्यातून आता काहीच वजा करायचं नाही, टॅक्स आणि महागाई दोन्ही त्यात येऊन गेलेली असतात.