पीयूची चाकं चार महिन्यांत सोलून निघतायत, परत रबर टाकू का?

प्रश्न: आमच्या ट्रॉल्यांना ४ पीयू म्हणजे पॉलियुरेथेनची चाकं आहेत, १५० एमएमची, प्रत्येकी ४०० किलो लिहिलेली. ट्रॉली १८० किलो आणि माल १००० किलो, म्हणजे १६०० च्या बराच खाली आहोत. तरी चार महिन्यांत वरचा थर सुटतो. आधी २०० एमएमची काळी रबरी होती, ढकलायला जड पण दोन वर्षं चालली. हल्ली ढकलत नाही, बॅटरीच्या टगने चार-चार ट्रॉल्या ओढतो. सप्लायर म्हणतो फ्लोअर खराब आहे. परत रबर घेऊ का? अडीच टनाच्या फोर्कलिफ्टलाही पीयू टाकायचा विचार चाललाय.

उत्तर:

सप्लायर अर्धंच खरं बोलतोय. आधी एक सोललेलं चाक हातात घेऊन नीट बघा, कारण चाक कशानं मेलं ते त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं. फ्लोअरनं खाल्लेलं असेल तर जमिनीला लागणारी बाजू चिरलेली, टवके उडालेली दिसते, त्यात खडी किंवा लोखंडाचा कीस रुतलेला सापडतो. पण वरून थर बऱ्यापैकी गुळगुळीत आहे आणि अख्खी पट्टी बांगडीसारखी हबवरून सुटून आलीय, आतली बाजू तपकिरी झालीय किंवा चिकट लागतेय, तर ते उष्णतेचं काम आहे. तिसरी शक्यता थर मुळात नीट चिकटवलेलाच नसण्याची, पण तशी चाकं बहुतेक एकाच लॉटची असतात आणि सहसा लवकरच जातात. तुमच्या वर्णनावरून मला तरी उष्णताच वाटतेय.

हिशोब करून दाखवतो. ट्रॉलीची फ्रेम ताठ असते आणि फ्लोअर कधीच आरशासारखा सपाट नसतो, त्यामुळे कुठल्याही क्षणी खरं वजन तीनच चाकांवर असतं, चौथं नुसतं टेकलेलं असतं. म्हणून ११८० ला चारने नाही, तीनने भागायचं. आले ३९३ किलो, आणि चाकावर लिहिलंय ४००. म्हणजे तुम्ही समजत होता ४०० किलोची मोकळीक आहे, ती मुळात नव्हतीच, आणि हे सगळं माल बरोबर मध्ये ठेवला असेल तर. एका कोपऱ्याला जड पेटी गेली की संपलं.

आता टग. हे मोठं कारण. इंडस्ट्रियल कॅस्टरवर लिहिलेलं वजन साधारणपणे माणसाच्या चालीला, म्हणजे ताशी ४ किमीच्या आसपास धरलेलं असतं. १५० एमएम चाकाचा घेर होतो सुमारे ४७ सेंमी, म्हणजे ४ किमीला मिनिटाला १४० च्या आसपास फेरे. टग १० नं पळवला तर साडेतीनशे. प्रत्येक फेऱ्यात थराचा प्रत्येक भाग एकदा दाबला जातो आणि सुटतो, दाबताना लावलेली ताकद सुटताना पूर्ण परत मिळत नाही, थोडी आत उष्णता म्हणून उरते. पीयू उष्णता पटकन बाहेर टाकत नाही, त्यामुळे थर आतून शिजतो आणि बाहेरून हाताला फक्त कोमट लागतो. साधारण ७०-८० डिग्रीच्या पुढे तो मऊ पडायला लागतो, हबशी असलेली पकड सुटते, मग एक दिवस वळणावर पट्टी निघून येते. हाताने ढकलताना माणूस थांबतो, श्वास घेतो, तेवढ्यात चाकपण गार होतं, टगला दम लागत नाही ना.

आमच्याकडे हेच झालं होतं. आम्हीपण आधी फ्लोअरलाच दोष दिला, जॉइंट भरून घेतले, थोडा फरक पडला पण चाकं जायची ती गेलीच. मग अर्धा तास टग चालल्यावर लगेच टेम्परेचर गनने मोजलं, वरून ५८ आलं, सगळे म्हणाले ठीक आहे की. मी एक चाक ब्लेडने आडवं कापलं तर हबजवळ थर गुळासारखा झालेला!

म्हणून परत रबर का, याचं उत्तर नाही. तुमचं रबर टिकलं ते रबर होतं म्हणून कमी आणि २०० एमएम होतं, हळू चालत होतं म्हणून जास्त. त्याच मापाचं रबरी चाक पीयूच्या साधारण निम्मंच वजन घेतं, टगमागे या लोडला तेपण तापेल, वर मालासकट उभं ठेवलं की एका बाजूला चपटं बसेल आणि ऑईल सांडत असेल तर फुगेल. मी असतो तर २०० एमएमचं पीयू घेतलं असतं, लोखंडी हब, बॉल बेअरिंग, प्रत्येकी ६००-७०० किलोचं, आणि टग ६ किमीला लॉक केला असता. २०० एमएमचा घेर ६३ सेंमी, ६ किमीला मिनिटाला १६० फेरे, म्हणजे तुमचं छोटं चाक हाताने ढकलताना फिरायचं जवळपास तेवढेच. मोठं चाक जॉइंटमध्ये पडतपण कमी. फक्त ट्रॉलीची उंची ५० एमएम वाढेल, टगचा हुक जुळतो का ते आधी बघा.

फ्लोअरचा प्रश्न उरतो तो जॉइंटचा. काँक्रीटच्या जॉइंटची कड तुटलेली असेल तर कडक पीयूला (शोअर या कडकपणाच्या मापात ९२-९५ चा असतो) तिथे प्रत्येक वेळी हातोडा बसतो, थर दबत नाही म्हणून धक्का सरळ बेअरिंगला आणि मालाला जातो. रबर तिथे दबून निघून जातं, हा त्याचा खरा फायदा. मधला मार्ग म्हणजे ७५ शोअरच्या आसपासचा जाड थराचा मऊ पीयू, पण तो जास्त दबतो, मग लोडची मोकळीक आणखी ठेवायला लागते. जॉइंट भरणं बऱ्याचदा सोपं पडतं. आणि फ्लोअर रोज पाण्याने धुता का? मग पॉलिएस्टर नाही, पॉलिइथर जातीचा पीयू मागा, पॉलिएस्टर गरम ओलाव्यात हळूहळू कुजतो.

फोर्कलिफ्टला मात्र हात लावू नका. अडीच टनाची मशीन स्वतः ४ टनाच्या आसपास असते, भरलेली साडेसहा, आणि त्यातलं ८५ टक्क्यांच्या वर वजन पुढच्या दोन चाकांवर येतं, म्हणजे एकेका चाकावर पावणेतीन टन. ती यार्डात जाते, रॅम्प चढते, ओल्या फ्लोअरवर ब्रेक मारते. ओल्यावर पीयू रबराइतका पकडत नाही आणि खडीवर चिरतो. पीयू गोदामातल्या रीच ट्रकला ठीक, त्या आतच गुळगुळीत फ्लोअरवर फिरतात. तुमचे सॉलिड रबर टायर लवकर जात असतील तर ऑपरेटर जागेवर उभा राहून स्टिअरिंग फिरवतो का ते बघा, मागचे टायर त्यानेच घासतात. टायरच्या बाजूला झिजेची रेघ असते, तिथपर्यंत आला की बदला, आणि पुढचे दोन्ही एकदम बदला, एक नवा एक जुना असला की काटे उचलणारा मास्ट वाकडा उभा राहतो.

सुटलेल्या पट्टीच्या आतल्या बाजूचा फोटो टाका, चिकट आहे की कोरडी तेवढं दिसलं तरी पुरे.