पहिल्या फेरीत आजाराची गोष्ट नको

प्रश्न: स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या नातेवाइकांसाठी आम्ही स्वमदत गट सुरू करतोय. पहिल्या बैठकीला दहा-बारा अनोळखी माणसं येतील. ओळखीची सुरुवात कशी करावी, म्हणजे कुणी अवघडून बसणार नाही?

मी असे गट चालवते. पहिल्या गटाच्या वेळी मी सगळ्यांना गोल बसवून म्हटलं, ‘नाव, आडनाव, घरी कोण आजारी आहे आणि कधीपासून, एवढं एकेकाने सांगूया.’ तिसऱ्या खुर्चीवरच्या बाई सासूबाईंबद्दल सांगता सांगता रडायला लागल्या. त्यात पंधरा मिनिटं गेली. नंतरच्यांनी एकेका वाक्यात आटोपतं घेतलं आणि त्या बाई पुन्हा आल्याच नाहीत. परक्या माणसांसमोर आपण फार बोलून गेलो, ही टोचणी घरी गेल्यावर लागते. चूक माझी होती. पहिल्याच प्रश्नात मी त्यांना खोल पाण्यात उतरवलं होतं.

आता मी ओळखीची सुरुवात दारातच करते. चहा शेवटी न ठेवता आधी ठेवते, कारण हातात कप असला की माणूस शेजारच्याशी आपसूक दोन शब्द बोलतो. येणाऱ्याला मी स्वतः ‘या, बसा’ म्हणते आणि आधी आलेल्या कुणाशी तरी जोडून देते. ‘हे सिंहगड रोडवरून आलेत, तुम्हीही तिकडूनच ना?’ एवढं पुरतं. खुर्च्या गोलात असतात, मध्ये टेबल नसतं. एक-दोन खुर्च्या दाराजवळ ठेवते, कारण घरून फोन आला तर उठून जाता येईल हे दिसलं की शुभंकर, म्हणजे घरच्या आजारी माणसाची काळजी घेणारा, निवांत बसतो. छातीवर लावायला चिठ्ठी असते, तिच्यावर मोठ्या अक्षरात फक्त पहिलं नाव. आडनाव कळलं की आपल्याकडे जात, गाव, नातीगोती यांचे हिशेब मनातल्या मनात सुरू होतात. ‘काय करता?’ हेही विचारत नाही. नोकरी सोडून आईपाशी बसलेल्या माणसाला ते उत्तर जड जातं.

गोलात बसल्यावर आधी दोन गोष्टी सांगते. इथलं बोलणं इथेच राहील, आणि बोलायचं नसेल तर नुसतं ‘पुढे’ म्हटलं तरी चालेल. हे ओळखीच्या आधीच सांगावं लागतं, नंतर सांगून उपयोग नाही.

मग थेट फेरी घेत नाही. आपली पाळी यायची असते तेव्हा माणूस मनात वाक्यं जुळवत असतो, शेजारी काय बोलतोय ते त्याच्या कानावरून जातं. म्हणून आधी जोड्या. प्रत्येकी तीन मिनिटं आणि प्रश्न एकच: ‘तुमच्या घरी सकाळचा पहिला चहा कोण करतं, आणि तो तुम्हाला गरम प्यायला मिळतो का?’ प्रश्न साधा आहे, पण शुभंकराचा दिवस त्यात येतो. ज्याला वर राहायचंय तो आल्याच्या चहावर बोलतो, ज्याला सांगायचंय तो रात्रीच्या जागरणापर्यंत जातो. किती खोल जायचं हे त्याचं तो ठरवतो. माणसं विषम असली तर एक गट तिघांचा करायचा.

जोड्यांनंतर मोठ्या गोलात प्रत्येकाने स्वतःचं नाव आणि चहाबद्दल एक वाक्य सांगायचं. ‘जोडीदाराची ओळख करून द्या’ हा प्रकार बऱ्याच कार्यशाळांत असतो. इथे तो टाळा. जोडीत विश्वासाने सांगितलेलं भलत्याच तोंडून सगळ्यांसमोर येतं. सुरुवात तुम्ही करा आणि वीस सेकंदांत संपवा. तुम्ही पाच मिनिटं बोललात तर सगळे तेवढंच बोलतील आणि बारा माणसांत तासभर फेरीतच जाईल.

तरीही कुणी रडलंच, तर घाईने समजूत घालू नका. पाणी जवळ ठेवा आणि हळू विचारा, ‘थोडं थांबूया, की पुढच्यांना बोलू देऊ?’ ते जे सांगतील ते करा. बैठक संपल्यावर त्यांच्याशी दोन मिनिटं बोला आणि दुसऱ्या दिवशी फोन करा. त्या पहिल्या बाईंना मी फोन केला नव्हता, याची मला अजून रुखरुख आहे.

माणसं सैलावली का, हे मी पर्सवरून ओळखते. मांडीवर घट्ट धरलेली पर्स खाली ठेवली जाते. उत्तरं माझ्याकडे न बघता एकमेकांकडे बघून यायला लागतात. वीस-पंचवीस मिनिटांत एवढं झालं तर मूळ विषयाकडे वळा. तसं झालं नसेल तर नवा खेळ काढू नका. पुन्हा जोड्या करा, माणसं बदलून.

आणि आधीच्या सगळ्यांची नावं पाठ म्हणून दाखवण्याचा खेळ तुमच्या गटात कधीही घेऊ नका. एका गृहस्थांनी पाचव्या नावावर अडखळून मान खाली घातली होती. त्याच आठवड्यात त्यांच्या वडिलांनी त्यांना ‘आपण कोण?’ असं विचारलं होतं. नावाच्या चिठ्ठ्या जपून ठेवा आणि दुसऱ्या, तिसऱ्या बैठकीतही सगळ्यांना लावायला द्या.