उष्टावणाची वाटी: पंचामृत नको, मऊ भात पुरे

«ताई, लेक येत्या रविवारी सहा महिने पूर्ण करतेय आणि त्याच दिवशी नाशिकला हॉलमध्ये उष्टावण ठेवलंय. सासूबाईंना पंचामृत आणि केशर-बदामाची खीर द्यायची आहे, वीसेक माणसं भरवणार. तिला नेमकं काय द्यावं आणि किती?»

आधी पंचामृताचं सांगते, कारण बाकी गोष्टींत थोडं इकडेतिकडे झालं तर निभावतं, यात नाही. पंचामृतात मध असतो आणि एक वर्षाच्या आत बाळाला मधाचं बोटसुद्धा चाटवायचं नाही. मधात बोटुलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. आपल्या आतड्यात ते रुजत नाहीत, पण इतक्या लहान बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात. मध घरचा असो, जंगलातला असो, उकळलेला असो, धोका तोच, कारण घरच्या उकळीने ते बीजाणू मरत नाहीत. चुकून कुणी चाटवलाच तर पुढचे काही आठवडे लक्ष ठेव: शी होईनाशी झाली, रडणं क्षीण झालं, दूध ओढताना जोर कमी पडला, पापण्या जड वाटल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि मध दिला होता हे स्वतःहून सांग. गुटी मधात उगाळून देत असतील तर तीही बंद. पंचामृत देवाला दाखवा, मोठ्यांनी घ्या. रामकुंडाचं तीर्थ कुणी आणलं तर तेही कपाळाला लावा, तोंडात नको.

खिरीला माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे. त्या एका चमच्यात तांदूळ, गाईचं किंवा म्हशीचं दूध, साखर, बदाम, केशर, जायफळ एवढं सगळं पहिल्यांदाच पोटात जातं. संध्याकाळी अंगावर पित्त उठलं तर कशाने उठलं हे कुणालाच सांगता येणार नाही. शिवाय बदामाचे काप घशात अडकतात. माझ्या नात्यातल्याच एका उष्टावणात पातेल्यातली मोठ्यांची खीर वाटीत काढली होती, आणि दुसऱ्याच घासाला एक काप बाळाच्या टाळूला चिकटला. त्याला जोरात खोकला आला म्हणून तो बाहेर पडला. मी मुलांच्या वॉर्डात परिचारिका म्हणून पंचवीस वर्षं काढली आहेत, तरी तो अर्धा मिनिट मला आजही आठवतो.

म्हणून तिची वाटी वेगळी शिजव. दोन टेबलस्पून तांदूळ धुऊन वीस मिनिटं भिजव. इगतपुरीकडचा इंद्रायणी घरात असेल तर उत्तम, पण तो चिकट असतो, त्याला पाणी सढळ हाताने घाल. तांदळाच्या सहापट पाणी घालून लहान भांड्यात कुकरला पाच-सहा शिट्ट्या दे. गरम असतानाच घोट, उकळलेल्या पाण्याने सैल कर आणि गाळणीतून काढ. मीठ-साखर काही नाही. चमचा तिरका केला की भात हळूच घसरून पडायला हवा. पाण्यासारखा ओघळला तर फार पातळ, चमच्याला गोळा होऊन चिकटून राहिला तर घट्ट.

सासूबाईंना खीर हवीच असेल तर हाच भात कोमट झाल्यावर त्यात तुझं काढलेलं दूध दोन चमचे मिसळ. रंग खिरीचा, गोडी आईच्या दुधाची, आणि नवी वस्तू फक्त एकच, तांदूळ. मात्र हे अगदी भरवायच्या वेळी कर. आईच्या दुधात पिष्ट पचवणारं विकर असतं, त्यामुळे मिश्रण थोड्याच वेळात पातळ होऊन ओघळायला लागतं.

हॉलमध्ये खरी गफलत होते ती वेळेची. सकाळी आठला शिजवलेला भात डब्यात कोमट राहतो, मुहूर्त साडेबाराला लागतो. अशा कोमट भातात जंतू वाढून जे विष तयार होतं ते पुन्हा गरम करूनही जात नाही. त्यामुळे हॉलच्या स्वयंपाकघरात अर्धा तास आधी ताजं शिजवायला सांग. ते जमणार नसेल तर निघायच्या तोंडावर शिजव, स्टीलचा थर्मास पाच मिनिटं उकळत्या पाण्याने भरून ठेव, तो रिकामा करून वाफाळता भात त्यात भर आणि तिथे जाऊन वाटीत निववून घे. फुंकर कुणीही मारायची नाही. वाटीत उरलेलं तिला पुन्हा द्यायचं नाही. नवी चांदीची वाटी आणि चमचा आदल्या दिवशी साबणाने घासून गरम पाण्यातून काढ, पॉलिशचा अंश असू शकतो.

आता किती. पहिल्या दिवशी दोन-तीन लहान चमचे, म्हणजे दहा ते पंधरा मिली, बस्स. हिशोब असा धर: मामा, दोन्ही आजोबा, दोन्ही आज्या, पाच जण, प्रत्येकाने अर्धा लहान चमचा, झाले अडीच चमचे. बाकी पंधरा जणांनी रिकामा चमचा ओठांना लावून फोटो काढावा, नाहीतर डोक्यावरून हात फिरवावा. ही यादी आदल्या रात्रीच फोनवर सांगून टाक, म्हणजे तिथे कुणाला नाही म्हणायची वेळ येणार नाही. वाटी आणि चमचा तुझ्याच हातात ठेव, भरून पुढे तूच दे.

साधारण तासभर आधी तिला पाज. फार भुकेली असली तर रडेल, पोट गच्च असलं तर ओकेल. मामाच्या मांडीवर ताठ बसव, आडवी नको. मान नीट धरते का, आधाराने बसते का, चमचा जवळ आणला की तोंड उघडते का, हे आताच घरी बघ. प्रत्येक घास जिभेने बाहेरच ढकलत असेल तर त्या दिवशी नुसतं ओठाला लाव. विधी तेवढ्याने होतो आणि जेवण आठवड्याने सुरू करता येतं. तोंड फिरवलं, ओठ मिटले की थांबायचं, मग चारच जणांचा नंबर लागला असला तरी.

पहिल्या घासांना उमासा आल्यासारखं होईल, चेहरा लाल होईल, खोकेल. आवाज येतोय तोवर हात लावू नका, तिचं तीच सावरते. आवाजच बंद झाला, ओठ निळसर दिसले, तर मात्र तिला पालथं हातावर घेऊन डोकं खाली ठेवायचं आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा मारायच्या. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच वेळा दाबायचं, पुन्हा थापा, आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ लावायचा. न दिसणाऱ्या घासासाठी घशात बोट घालायचं नाही, तो आणखी आत जातो.

तांदळाची अॅलर्जी क्वचित होते, पण भात दिल्यावर एक ते चार तासांत पुन्हा पुन्हा उलट्या होऊन बाळ पांढरंफटक, मलूल पडलं तर घरी वाट बघू नका. आणि दुपारी पाहुणे फळांच्या ताटातलं, घशात अडकणारं द्राक्ष किंवा बेदाणा तिच्या हातात देतील, आपल्या नाशकात ताटात द्राक्षं असतातच. कुणीतरी एकाला तेवढंच काम दे, तिच्या हाताकडे बघायचं.

महिन्याबद्दल सासूबाई काही बोलल्या तर सांग की मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करतात आणि सहा पूर्ण झाल्यावर सातवाच लागतो. मुहूर्तही बरोबर आहे आणि डॉक्टर सांगतात तो काळही तोच.

सोमवारपासून हाच भात सकाळी दहाच्या सुमारास दे, म्हणजे काही झालं तर दिवसाउजेडी दिसेल. दोन-तीन दिवसांनी त्यात मुगाची डाळ आणि दोन-चार थेंब तूप, मग पुढची एकेक वस्तू. आठवड्याभरात मजल दोन-तीन टेबलस्पूनपर्यंत जाते. नुसत्या भातावर मात्र महिना काढू नकोस. पोटात असताना साठवलेलं लोह या वयात संपत येतं आणि भातात ते फार कमी असतं. डाळ, नाचणी, घरात चालत असेल तर पूर्ण उकडलेल्या अंड्याचा बलक लवकर सुरू कर, आणि लोहाच्या थेंबांचं पुढच्या लसीच्या वेळी डॉक्टरांना विचार.