साउंडबार टीव्हीच्या कोणत्या पोर्टला जोडावा?

प्रश्न: नांदेडला घेतलेल्या साउंडबारवर ईआर्क आहे. जुन्या आर्कवर न मिळणारा लॉसलेस सराउंड त्यावर कसा मिळतो, आणि वायर टीव्हीच्या कोणत्या पोर्टला लावू?

उत्तर: टीव्हीच्या ज्या एचडीएमआय पोर्टवर eARC असे छापलेले आहे, त्यालाच वायर लावावी; असा पोर्ट बहुधा एकच असतो. जुन्या आर्कची वाट ऑप्टिकल वायरीइतकीच अरुंद आहे, म्हणजे तीत दोन चॅनेलचा पीसीएम, म्हणजे न दाबलेला आवाज, किंवा दाबून लहान केलेला ५.१ आवाज मावतो. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचे आठ चॅनेल न दाबता पाठवायचे, तर सेकंदाला सुमारे ९.२ मेगाबिट लागतात, एचडीएमआय २.१ सोबत आलेल्या ईआर्कची क्षमता सुमारे ३७ मेगाबिट असल्यामुळे हा आवाज, तसेच डॉल्बी ट्रूएचडी हा लॉसलेस सराउंड, त्यातून सहज जातो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ईआर्क चालू करून डिजिटल आउटपुट Pass Through वर ठेवावे, अन्यथा योग्य पोर्ट असूनही टीव्ही आवाज दाबूनच पुढे पाठवू शकतो. मात्र फरक मुख्यतः ब्लू-रे डिस्कवरच जाणवेल, कारण स्ट्रीमिंग अॅपवरचा डॉल्बी अॅटमॉस सराउंड सहसा डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये, म्हणजे मुळातच दाबलेला येतो.