गणपतीच्या मखराची पोस्ट नेमकी कधी टाकायची?

"आमचा परळला मखरांचा छोटा धंदा आहे. गणपतीच्या आठवडाभर आधी वेबसाइटवर नवीन मखरांची पोस्ट टाकतो, पण गुगलवर ती दिसायला लागते तोपर्यंत विसर्जन झालेलं असतं. किती आधी टाकायला हवी?"

यंदा, म्हणजे २०२६ ला, चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, तर तुमची पोस्ट जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात साइटवर असली पाहिजे. मी दादर-परळच्या अशाच छोट्या दुकानांच्या साइट्स बघतो, त्यामुळे हे कसं काढायचं ते सांगतो, म्हणजे पुढच्या वर्षी कोणाला विचारायला नको.

मोजायला चतुर्थीपासून सुरुवात करू नका, लोक शोधायला कधी लागतात तिथून करा. मोदकाची रेसिपी लोक आदल्या दिवशीसुद्धा शोधतात, पण मखराचं तसं नसतं, ते बघायचं, घरात मापं घ्यायची, भाव विचारायचे, मग ऑर्डर. आणि त्यातही कोकणात गावी नेणारे सगळ्यात आधी बघतात, कारण फोल्डिंगचं मखर गाडीतून न्यायचं असतं. रेल्वेचं रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे १४ सप्टेंबरच्या प्रवासाचं जुलैच्या मध्यालाच, आणि तिकीट हातात आलं की या लोकांची बाकीची तयारी सुरू होते. म्हणून फोल्डिंग मखराचं पान वेगळं करा आणि ते सगळ्यात आधी टाका.

आता तारीख. सर्च कन्सोल म्हणजे तुमची साइट गुगलवर कधी आणि काय शोधल्यावर दिसली ते दाखवणारं गुगलचंच टूल. त्यात परफॉर्मन्सचा डेटा १६ महिने राहतो, त्यामुळे मागचा गणपती त्यात सापडतो. तिथे "मखर" आणि "makhar" दोन्ही टाकून बघा, लोक दोन्ही लिपीत शोधतात. तुमची पोस्टच उशिरा आली होती म्हणजे स्वतःचा डेटा कमी असेल, तर गूगल ट्रेंड्सवर महाराष्ट्र निवडून बघा, तिथे ० ते १०० असा तुलनेचा आकडा असतो, किती लोकांनी शोधलं ते कळत नाही, पण चढ कधी सुरू झाला ते कळतं आणि आपल्याला तेवढंच हवंय.

इथेच बहुतेक जण फसतात. समजा मागच्या वर्षी चढ २७ जुलैच्या सुमाराला सुरू झाला असं दिसलं, तर यंदाही २७ जुलैच धरायचा का? नाही. २०२५ ला चतुर्थी २७ ऑगस्टला होती, यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती १८ दिवस पुढे गेली. म्हणजे चढ चतुर्थीच्या साधारण महिनाभर आधी होता, तो यंदा १४ ऑगस्टच्या आसपास येणार. कायम चतुर्थीपासून मागे किती दिवस असं मोजायचं, इंग्रजी तारीख धरायची नाही, कारण ज्या वर्षी अधिक मास नसतो त्या वर्षी सण दहा-अकरा दिवस अलीकडे येतो आणि मग त्याच तारखेला टाकलेली पोस्ट उशिराची ठरते.

आता १४ ऑगस्टपासून मागे या. नवीन पान गुगलने वाचून आपल्या यादीत घ्यायला, म्हणजे इंडेक्स करायला, काही दिवस ते काही आठवडे लागू शकतात, पानं वाचत फिरणारा गुगलचा बॉट छोट्या साइटवर रोज फिरकत नाही. वाचलं तरी लगेच वर येत नाही. आणि काही अडलं तर दुरुस्तीला वेळ हवा. म्हणून मी महिना-सव्वा महिना धरतो, तो जुलैच्या सुरुवातीला येतो.

पोस्ट टाकली की सर्च कन्सोलमध्ये "URL Inspection" मध्ये लिंक टाकून एकदा "Request Indexing" दाबा, रोज रोज दाबून काही लवकर होत नाही. आठवड्याने परत बघा. "Discovered – currently not indexed" दिसलं तर गुगलला लिंक माहितीये पण तो अजून आलेलाच नाही, अशा वेळी होम पेजवरून आणि ज्या जुन्या पानावर लोक येतात तिथून या पानाला लिंक द्या. "Crawled – currently not indexed" असेल तर येऊन बघून गेला पण घेतलं नाही, मग बऱ्याचदा पानातच दम नसतो. चार फोटो आणि "संपर्क करा" एवढंच असेल तर प्रत्येक मखराची उंची-रुंदी, किती इंचाची मूर्ती बसेल, घडी केल्यावर किती जागा लागते, किंमत, डिलिव्हरी कुठपर्यंत, हे सगळं लिहा. या दुरुस्तीनंतर परत वाट बघावी लागते आणि ऑगस्टमध्ये तेवढा वेळ उरत नाही हो.

एक अजून, पानाच्या पत्त्यात वर्ष घालू नका. /ganpati-makhar असं ठेवा आणि दर जूनमध्ये त्याच पानावर नवीन डिझाइन, नवीन भाव टाका, शीर्षकात वर्ष बदला. जुनं पान आधीच इंडेक्स झालेलं असतं त्यामुळे पहिल्यापासून रांगेत उभं राहावं लागत नाही. आधीची दर वर्षाची वेगळी पानं असतील तर ती या एका पानाकडे 301 रिडायरेक्ट करा, म्हणजे जुना पत्ता उघडला तरी माणूस कायमचा याच पानावर येतो. आणि गणपती झाले की पान डिलीट करू नका, "बुकिंग बंद, पुढच्या वर्षीची चतुर्थी अमुक तारखेला" एवढं लिहून तसंच राहू द्या.