जन्मापासूनचे हृदयाचे छिद्र आणि तिशीनंतर आलेला निळेपणा

प्रश्न: माझ्या बहिणीच्या हृदयाला जन्मापासून छिद्र आहे. लहानपणी रंग ठीक होता, आता बत्तिसाव्या वर्षी ओठ आणि नखे निळी दिसतात. डॉक्टर म्हणतात, आता छिद्र बुजवता येणार नाही. असे का?

उत्तर: मी हृदयरोग विभागात काम करते. आपण सांगता त्या अवस्थेला आयझेनमेंगर सिंड्रोम म्हणतात. व्हिक्टर आयझेनमेंगर यांनी १८९७ मध्ये ज्या रुग्णाची नोंद केली, तोही ३२ वर्षांचाच होता.

छिद्रातून रक्त कोणीकडे जाईल, हे दाबावर ठरते. हृदयाचा डावा खालचा कप्पा साऱ्या शरीराला रक्त पुरवतो, म्हणून त्याचा दाब १२०च्या आसपास असतो. उजव्याला फक्त फुप्फुसांपर्यंत रक्त पोहोचवायचे असते, म्हणून तिथे २५ पुरतो. त्यामुळे लहानपणी डावीकडचे शुद्ध रक्त उजवीकडे शिरते, आणि मुलाला धाप लागली तरी रंग बदलत नाही. मात्र छिद्र मोठे असेल, तर फुप्फुसांतील बारीक धमन्यांवर वर्षानुवर्षे जादा रक्ताचा आणि दाबाचा मारा होतो, त्यांच्या भिंती जाड होत जातात आणि आतली वाट अरुंद होते. या टप्प्यावर छिद्रातून वाहणारे रक्त कमी झाल्याने छातीतला आवाज मंदावतो, धापही काही काळ कमी होते, आणि घरच्यांना वाटते की छिद्र आपोआप भरले. ही समजूत मी अनेकदा ऐकली आहे आणि दर वेळी वाईट वाटते, कारण शस्त्रक्रियेची वेळ नेमकी तेव्हाच हातून निसटत असते.

पुढे उजवीकडचा दाब डावीकडच्यापेक्षा वाढला की प्रवाह उलटतो. फुप्फुसांत न गेलेले, प्राणवायू कमी असलेले रक्त थेट शरीरात मिसळते; ओठ निळे पडतात आणि कालांतराने बोटांची टोके फुगीर होतात. आता छिद्र बुजवले, तर अरुंद धमन्यांसमोर झगडणाऱ्या उजव्या कप्प्याची एकमेव पळवाट बंद होते आणि तो निकामी होऊ शकतो. म्हणून डॉक्टरांचे म्हणणे योग्य आहे. फुप्फुसांतील दाब कमी करणाऱ्या गोळ्यांनी, उदाहरणार्थ बोसेंटानने, चालण्याची ताकद बऱ्याच जणांत सुधारते.

बहिणीच्या बाबतीत गर्भधारणेचा विषय तज्ज्ञांशी आधीच, स्पष्टपणे बोला, कारण या आजारात तो मातेच्या जिवावर बेततो. हिमोग्लोबिन २०च्या वर गेलेले दिसले तरी केवळ आकडा पाहून रक्त काढू देऊ नका. प्राणवायूची तूट भरून काढण्यासाठी शरीरानेच ते वाढवलेले असते, आणि वारंवार रक्त काढल्याने लोह कमी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो. सलाईन लावताना नळीत हवेचा बुडबुडा नाही ना, हे परिचारिकेला आवर्जून पाहायला सांगा, कारण एरवी फुप्फुसांत अडकणारा बुडबुडा इथे छिद्रातून सरळ मेंदूकडे जाऊ शकतो.